एकतीस डिझॉल्व्ह

अकरा मिनिटांची फिल्म, आणि तिच्यात एकतीस डिझॉल्व्ह. वर तीन वाइप, म्हणजे एक चित्र पुसत दुसरं आणणारे जोड. हे मी मोजलं नव्हतं, मोजले सरांनी. ते माझ्या मागे खुर्ची टाकून बसले होते आणि फिल्म चालू असताना कागदावर पेन्सिलीने नुसत्या उभ्या रेघा ओढत होते. चार रेघा, पाचवी आडवी. मला वाटलं, आवडलेले शॉट मोजताहेत. फिल्म संपली तेव्हा त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि विचारलं, "यातले किती तुला हवे होते, आणि किती घाबरून टाकलेस?"

फिल्म एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांवर होती. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायचं भिंग, चिमटे, आणि बोलके आजोबा. दोन दिवस शूटिंग केलं होतं. मुलाखतीला एकच कॅमेरा, तोही एकाच जागी, कारण दुसरा नव्हताच. बाकी हातांचे, सुट्या भागांचे, तबकड्यांचे जवळून घेतलेले शॉट भरपूर. एकूण दीडेकशे तुकडे जोडले होते मी, आणि जिथे जोड खटकला तिथे बोटं आपोआप `Ctrl+D` वर गेली होती. त्या दोन कळा दाबल्या की माझ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन शॉटच्या जोडावर एका सेकंदाचा डिझॉल्व्ह बसतो. एक शॉट विरघळत जातो, दुसरा उमटत येतो, जोड दिसेनासा होतो. निदान मला तरी तसं वाटत होतं.

सरांनी सांगितलेला उपाय साधा होता. टाइमलाइनची, म्हणजे शॉट ओळीने जोडलेल्या पट्टीची, एक प्रत काढायची, तिच्यातले सगळे डिझॉल्व्ह आणि वाइप एकगठ्ठा निवडून पुसून टाकायची आणि फिल्म एकदाही न थांबवता पहिल्यापासून शेवटपर्यंत बघायची. हातात माऊस नको, कागद-पेन्सिल हवी. खटकलं की फक्त वेळ लिहायची, कारण नंतर शोधायचं. आणि हे त्याच दिवशी करायचं नाही, दोन दिवसांनी करायचं.

हे दोन दिवस का, ते मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं. संकलन करणाऱ्याने एकेक जोड शंभरदा पाहिलेला असतो. पुढे-मागे, पुढे-मागे, दोन फ्रेम इकडे, एक फ्रेम तिकडे. जोड नेमका कुठे येणार हे त्याला आधीच माहीत असतं, म्हणून तो येण्याआधीच अंगावर येतो. प्रेक्षक मात्र त्या जागी पहिल्यांदाच पोचतो, आणि तो जोडाकडे बघतच नसतो. आजोबांच्या हाताकडे बघत असतो. माझे निम्म्याहून जास्त डिझॉल्व्ह हे मी स्वतःलाच दिलेलं औषध होतं. दुखणं प्रेक्षकाला नव्हतंच.

दोन दिवसांनी फिल्म पाहिली. एकतीसपैकी एकोणीस जागी मला काहीच झालं नाही. डिझॉल्व्ह कुठे होता हेही आठवेना. टेबलावरच्या मोठ्या शॉटवरून चिमट्याच्या क्लोजअपवर, चिमट्यावरून भिंगातल्या डोळ्यावर, डोळ्यावरून परत टेबलावर: हे सगळे जोड कटने सरळ पार पडत होते. शॉटचा आकार भरपूर बदलला आणि कॅमेऱ्याची बाजूही थोडी वळली, की डोळा ती उडी विनातक्रार घेतो. आपण रोजच्या बघण्यातही असंच करतो. समोरच्याच्या चेहऱ्यावरून त्याच्या हातातल्या वस्तूकडे नजर जाते तेव्हा मधली हवा आपल्याला दिसत नाही. नजर उडी मारते आणि मधलं काही नोंदलंच जात नाही. कटची रीत डोळ्याच्या या रीतीशी जुळते. डिझॉल्व्हसारखं मात्र आपण कधीच बघत नाही. चेहरा आणि वस्तू एकमेकांत मिसळलेल्या दिसल्या, तर माणूस डॉक्टरकडे जाईल.

उरलेल्या बारा जागी खरंच खटकलं होतं. पुढचा आठवडा त्या बारा जागांवर गेला आणि डिझॉल्व्हबद्दल जे काही शिकले ते तिथेच शिकले.

आधी डिझॉल्व्ह प्रत्यक्षात काय करतो ते सांगते, कारण मला ते तोपर्यंत नीट ठाऊकच नव्हतं. सेकंदाला पंचवीस फ्रेम धरल्या, तर एका सेकंदाचा डिझॉल्व्ह पंचवीस फ्रेमचा. तो जोडाच्या मधोमध बसवला तर पहिला शॉट तुम्ही जिथे कापलात त्याच्या पुढे बारा-तेरा फ्रेम चालू राहतो, आणि दुसरा शॉट तुम्ही जिथून सुरू केलात त्याच्या बारा-तेरा फ्रेम आधीच सुरू होतो. म्हणजे तुम्ही ठरवून टाकून दिलेलं अर्धं सेकंद दोन्ही बाजूंनी परत आत येतं. या जादा फ्रेमना हँडल म्हणतात. हँडल शिल्लक नसलं तर सॉफ्टवेअर कुरकुरतं आणि शेवटची फ्रेम गोठवून वेळ भरून काढतं. चालता माणूस एकदम पुतळा होऊन विरघळायला लागतो. ते निदान दिसतं तरी. हँडल शिल्लक असतं तेव्हा जे होतं ते जास्त वाईट.

माझ्या फिल्ममध्ये आजोबा म्हणतात, "घड्याळ बंद पडतं तेव्हा ते खराब झालेलं नसतं, थकलेलं असतं." एवढं बोलून ते क्षणभर खाली बघतात. मी शॉट तिथेच कापला होता, नजर खाली गेल्या गेल्या. चांगली जागा होती. पुढे डिझॉल्व्ह टाकला, आणि त्या बारा फ्रेममध्ये आजोबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "बरोबर बोललो ना?" असं विचारणारी ती नजर. अर्धं विरघळलेलं, पण दिसतंय. मी तो डिझॉल्व्ह कितीतरी वेळा पाहिला होता आणि मला ती नजर दिसली नव्हती, कारण माझं लक्ष दुसऱ्या चित्राच्या उमटण्याकडे होतं. सरांना पहिल्याच वेळी दिसली. कट कुठे करायचा हा निर्णय मी घेतला होता आणि वर डिझॉल्व्ह टाकून तोच मोडला होता.

तेव्हापासून डिझॉल्व्ह ठेवायचाच असेल तर मी त्याच्या मधल्या फ्रेमवर थांबते. पंचवीस फ्रेमच्या डिझॉल्व्हची तेरावी. तिथे दोन्ही चित्रं अर्धी-अर्धी असतात. त्या एका फ्रेमकडे फोटोसारखं बघायचं. दोन्ही मिळून तिसरंच काही चित्र तयार होतंय का? की नुसता गाळ? आजोबांच्या कपाळावर पुढच्या शॉटमधल्या खिडकीचा पांढरा चौकोन उमटला असेल, तर तो गाळ. उजळ भाग गडद भागावर चढून बसतो, काळा रंग राखाडी होतो, सगळ्या चित्राचा कस जातो. एक सेकंद म्हणजे फार नाही हे खरं. पण ते सेकंद तुम्ही प्रेक्षकाला दोन्हीपैकी एकही चित्र नीट दाखवत नाही.

शिवाय एक तांत्रिक भानगड आहे, जी एडिट करताना आपल्या चांगल्या स्क्रीनवर कधी दिसत नाही. व्हिडिओची फाइल लहान करणारा कोडेक आधीच्या फ्रेममधला कुठला तुकडा कुठे सरकला याचा हिशेब ठेवतो आणि बदललेलं तेवढंच नव्याने साठवतो. कट आला की तो सरळ नवी पूर्ण फ्रेम घेतो आणि पुढे जातो. डिझॉल्व्हमध्ये मात्र काहीच सरकत नाही आणि तरी प्रत्येक ठिपका प्रत्येक फ्रेमला बदलतो. हिशेब बसत नाही. नेट मंद असलं, फाइल बारीक केलेली असली, की नेमक्या डिझॉल्व्हच्या वेळी चित्र चौकोनी ठोकळ्यांत फुटतं. माझ्या मुलायम, तरल वगैरे डिझॉल्व्हचं एका मैत्रिणीच्या फोनवर हेच झालं होतं. "मध्ये मध्ये व्हिडिओ फाटतोय का गं?" असं तिने विचारलं. मध्ये मध्ये म्हणजे कुठे, ते मी विचारलं नाही.

आता त्या बारा जागा. त्यांतल्या सहा मुलाखतीतल्या होत्या. आजोबा एक वाक्य बोलतात, मग खोकतात, मग पाणी पितात, मग वाक्य पुरं करतात. मधलं काढायचं तर दोन्ही तुकडे एकाच चौकटीतले, एकाच बाजूने घेतलेले. डोकं दोन इंच डावीकडे उडतं. हाच जंप कट. इथे डिझॉल्व्ह टाकला की एकाच माणसाला क्षणभर दोन नाकं फुटतात. उडी लपत नाहीच, उलट तिच्याभोवती धूर सोडल्यासारखं होतं. प्रेक्षकाला कळतं की इथे काही कापलंय, आणि कापलेलं लपवायचा प्रयत्न झालाय हेही कळतं. पहिल्यापेक्षा दुसरं वाईट.

तीन जागी मी हातांचे शॉट वर टाकले. यातही एक चूक मी आधी करत होते: उडी जिथे आहे बरोबर तिथेच हातांचा शॉट सुरू करायचा आणि सेकंदभरात परत चेहऱ्यावर यायचं. ते ठिगळासारखं दिसतं. हातांचा शॉट उडीच्या आधीच, वाक्याच्या एखाद्या शब्दावर सुरू व्हायला हवा, आणि उडी होऊन गेल्यावर निदान दोन-तीन सेकंद तरी टिकायला हवा, म्हणजे तो स्वतःच्या पायावर उभा राहतो. "केसाएवढी स्प्रिंग असते" असं आजोबा म्हणतात. "केसाएवढी" या शब्दावर चिमट्यात थरथरणारी स्प्रिंग येते. उडी तिच्या आड कधीच होऊन गेलेली असते. आता तो शॉट लपवण्यासाठी आहे की दाखवण्यासाठी, हे मलाही सांगता येणार नाही.

एका जागी चौकट बदलली. शूटिंग फोर-के मध्ये होतं आणि फिल्म फुल एचडीत जाणार होती, त्यामुळे चित्र दुपटीपर्यंत मोठं केलं तरी बिघडणार नव्हतं. दुसरा तुकडा मी सुमारे दीडपट मोठा केला, डोळे वरच्या तिसऱ्या भागात राहतील असे सरकवून घेतले. मिड शॉटवरून चेहऱ्यावर कट. आधी दहा टक्क्यांनी मोठं करून पाहिलं होतं. ते अगदीच फसलं. एवढ्याशा बदलाने तो वेगळा शॉट वाटतच नाही, कॅमेऱ्याला धक्का लागल्यासारखा वाटतो. बदल करायचा तर ठसठशीत करायचा, नाहीतर हात लावायचा नाही. आणि मोठं करायची जागाही निवडावी लागते. आजोबा तिथे त्यांच्या वडिलांविषयी बोलायला लागतात, म्हणून जवळ जाणं शोभलं. किंमत सांगताना चेहऱ्यावर झेप घेतली असती तर विनोद झाला असता.

पाचव्या जागी काहीच केलं नाही. जंप कट उघडा ठेवला. मी त्यांना विचारलं होतं की तुमच्यानंतर हे काम कोण करणार, आणि ते बराच वेळ बोलले नाहीत. ती शांतता पूर्ण ठेवली तर फिल्म थांबत होती, काढली तर खोटं होत होतं. मग तिचे तीन तुकडे केले: गप्प आजोबा, कट, खाली बघणारे आजोबा, कट, भिंग पुसणारे आजोबा. दोन्ही उड्या दिसतात, आणि दिसायलाच हव्यात. वेळ गेला आणि उत्तर आलं नाही, हे त्या उड्याच सांगतात. इथे आधी माझा डिझॉल्व्ह होता. त्याने ती शांतता गोड केली होती, जणू आजोबा आठवणींत रमलेत. ते रमले नव्हते, अडकले होते.

सहाव्या जागेचं नंतर सांगते.

तीन जागा हालचालीच्या होत्या. त्यातली एक तपशिलाने सांगण्यासारखी आहे. मोठ्या शॉटमध्ये आजोबा मनगटी घड्याळ पालथं धरतात आणि बोथट पात्याने मागचं झाकण उचकटतात. मग तेच अगदी जवळून. मोठा शॉट मी हात स्थिर असताना कापला होता, झाकणाला पातं लागण्याआधी, कारण मला वाटलं की स्थिर जागी कापलं तर कमी खटकेल. जवळच्या शॉटमध्ये हात आधीच हलत होता. स्थिर हातावरून एकदम हलत्या हातावर. खटकलं. म्हणून डिझॉल्व्ह. तेराव्या फ्रेमवर थांबून पाहिलं तर पडद्यावर चार हात, दोन घड्याळं आणि दोन पाती.

नियम बरोबर उलटा निघाला. कापायचं ते हालचाल चालू असताना. दोन्ही शॉटमध्ये पातं झाकणाखाली शिरून पहिल्यांदा दाब पडतो ती फ्रेम शोधली, दोन्हीकडे खूण केली. मग मोठा शॉट त्या खुणेच्या तीन फ्रेम पुढे कापला आणि जवळचा शॉट तिथूनच उचलला. म्हणजे हालचाल एका शॉटमध्ये सुरू होते आणि दुसऱ्यात पुरी होते. प्रेक्षकाची नजर झाकण उघडतंय का याच्या मागे लागलेली असते. तिला पुढचं बघायचंच असतं आणि कट तिला तेच देतो. कट कुठे झाला हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. तीनच फ्रेम का? दोनही चालल्या असत्या, कदाचित पाचही. शून्यावर मात्र जमलं नाही. हालचाल सुरू झालीय हे डोळ्याला कळायला थोडा अवधी लागतो. प्रत्येक जोडाला हे वेगळं निघतं, म्हणून एकेक फ्रेम सरकवून पाहायचं आणि प्रत्येक वेळी किमान पाच सेकंद आधीपासून चालवायचं. जोडाच्या अर्ध्या सेकंदावरच घिरट्या घालत बसलं, तर सगळेच कट वाईट दिसतात.

एक जागा चित्राची नव्हतीच. तिथे पंखा होता. पहिल्या दिवशी मुलाखतीच्या वेळी पंखा बंद केला होता, दुसऱ्या दिवशी विसरलो. चित्रातला जोड व्यवस्थित होता, पण त्याच फ्रेमला शांततेतून एकदम घूंऽऽ सुरू व्हायचं. मी त्यावर डिझॉल्व्ह टाकला होता तो चित्रावर! कानाच्या दुखण्याला डोळ्यात थेंब. पुढच्या शॉटचा आवाज दहा-बारा फ्रेम आधी, हळूहळू चढवत आणला, आणि दुसऱ्या दिवशीच्या रिकाम्या खोलीचा पंख्यासकटचा आवाज मागच्या तुकड्याखाली अगदी बारीक अंथरला. आता कट आहे तिथेच आहे आणि कुणाला कळत नाही. चित्र आणि आवाज एकाच फ्रेमला बदलले की जोड भिंतीसारखा उभा राहतो. दोन्हींतलं एक आधी आणि दुसरं नंतर बदललं की ती भिंत पडते. खटकणारा जोड दिसला की मी आता आधी डोळे मिटून ऐकते.

ओघात सांगते: एक डिझॉल्व्ह असा आहे जो मी झाडून सगळ्या जोडांवर टाकते, दोन फ्रेमचा, पण आवाजावर. आवाजाची लाट मधेच कुठेतरी कापली गेली की टिक्‌ असा बारीक खटका ऐकू येतो. तो एवढ्यानेच जातो. घड्याळांच्या फिल्ममध्ये उपरा टिक्‌ नको होता.

राहिल्या दोन जागा. त्या खरोखर डिझॉल्व्हच्या होत्या, आणि गंमत अशी की बाकीचे निघाल्यावरच त्या कळल्या.

पहिली टेबलाची. कॅमेरा स्टँडवर एकाच जागी ठेवून सकाळचं टेबल घेतलं होतं, आणि संध्याकाळी तेच, कॅमेरा न हलवता. दोन्हींमध्ये कट टाकला तर टेबलावरच्या वस्तू जादूने उड्या मारल्यासारख्या दिसतात, बघणारा क्षणभर "काय झालं?" म्हणतो. डिझॉल्व्ह टाकला की टेबल हलत नाही, दिवा हलत नाही, भिंत हलत नाही. विरघळतं ते फक्त बदललेलं: उन्हाचा पट्टा, उघडलेली घड्याळं, कपातला चहा. मधल्या फ्रेमवर थांबलं तर दोन प्रकारचा उजेड एकाच टेबलावर पडलेला दिसतो आणि तो गाळ नसतो. इथे डिझॉल्व्हला सांगण्यासारखं काहीतरी होतं: दिवस गेला. आणि तेच सांगायला एक सेकंद पुरेना. साठ फ्रेम लागल्या, जवळजवळ अडीच सेकंद.

ही लांबीची गोष्ट मला फार उशिरा कळली. सॉफ्टवेअर आपणहून देतं तो एक सेकंद ना धड इकडचा ना तिकडचा. नुसता जोड मऊ करायचा तर तो फार लांब, आणि वेळ गेल्याचं जाणवून द्यायचं तर आखूड. शिवाय सगळीकडे तोच एक सेकंद आला की फिल्मला एक ठेका लागतो, आणि तो फिल्मच्या लयीशी काही संबंध नसलेला ठेका असतो. माझी फिल्म दर वीस सेकंदांनी जांभई देत होती.

दुसरी जागा आजोबांच्या तरुणपणीच्या फोटोची. फोटोवरून आजच्या चेहऱ्यावर. हा प्रकार जुना आहे, सगळ्यांनी करून झालेला आहे, तरी ठेवला. फक्त फोटो इतका मोठा केला आणि सरकवला की फोटोतले डोळे आजच्या डोळ्यांवर बरोबर बसावेत. तसे बसले नसते तर काढला असता.

सरांची उमेदवारी फिल्मच्या रिळांवर झाली होती. तेव्हा डिझॉल्व्ह कळ दाबून मिळत नसे. कामाच्या प्रिंटवर दोन शॉट सरळ चिकटवलेले असत आणि वर मेणाच्या पेन्सिलीने तिरकी रेघ: इथे डिझॉल्व्ह होणार आहे. प्रत्यक्ष डिझॉल्व्ह प्रयोगशाळेत तयार होऊन यायचा. सोळा मिलिमीटरला निगेटिव्ह दोन रिळांत आलटूनपालटून जोडावी लागे, आणि लांबीही प्रयोगशाळेच्या ठरलेल्या आकड्यांतूनच निवडायची: सोळा, चोवीस, बत्तीस, अठ्ठेचाळीस फ्रेम वगैरे. खर्च व्हायचा आणि थांबावं लागायचं. तोपर्यंत संकलक तो जोड कट म्हणूनच बघत असे.

या बघण्यातूनच एक प्रसिद्ध कट जन्माला आला. 1962 च्या 'लॉरेन्स ऑफ अरेबिया'त लॉरेन्स जळती काडी फुंकतो आणि पुढच्या क्षणी वाळवंटातली पहाट येते. पटकथेत तिथे डिझॉल्व्ह होता. संकलक अ‍ॅन कोट्स आणि दिग्दर्शक डेव्हिड लीन यांनी दोन शॉट कामाच्या प्रिंटवर नुसते चिकटवलेले पाहिले आणि डिझॉल्व्ह नकोच असं ठरलं. त्यानंतर आपण त्यातल्या दोनच फ्रेम कमी केल्या, असं कोट्स सांगत असत. आज ती फिल्म कळा दाबून जोडली असती, तर दोन शॉट शेजारी ठेवल्याच्या पुढच्या सेकंदाला त्यावर डिझॉल्व्ह बसला असता आणि खालचा कट कुणी पाहिलाच नसता. सोय झाली की मधली एक पायरी नाहीशी होते. इथे नाहीशी झाली ती कट उघडा बघण्याची.

वाइपबद्दल फार लिहीत नाही, कारण तीनपैकी दोन मला आज आठवायलाही लाज वाटते. एक तर घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरणारा होता. विषय घड्याळाचा, म्हणून. सर त्या वेळी हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. वाइपची अडचण अशी की त्याला कड असते, ती पडद्यावरून चालत जाते, आणि पडद्यावर चालणाऱ्या गोष्टीकडे डोळा बघतोच. म्हणजे शॉट बाजूला राहतात आणि प्रेक्षक कडेमागे जातो. जपानी दिग्दर्शक कुरोसावांच्या 'सेव्हन सामुराई'त (1954) वाइप आहेत आणि ते शोभतात, पण तिथे ती फिल्मची बोलण्याची पद्धतच आहे. सुरुवातीपासून ठरलेली आणि पाळलेली. अकरा मिनिटांत तीनदा, तीन तऱ्हांचे, ही पद्धत नव्हे.

तिसरा वाइप मात्र राहिला. एका जुन्या तबकडीचे दोन शॉट आहेत, साफ करण्याआधीचा आणि नंतरचा, कॅमेरा न हलवता घेतलेले. कट टाकला तर दोन वेगळी घड्याळं वाटतात. डिझॉल्व्ह टाकला तर काळपटपणा आपोआप उडून गेल्यासारखा वाटतो, आजोबांचे चार तास त्यात दिसत नाहीत. सरळ उभी कड डावीकडून उजवीकडे सावकाश गेली, तर प्रत्येक क्षणी कडेच्या एका बाजूला मळलेले आकडे आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छ आकडे असतात, आणि तुलना तिथल्या तिथे होते. डोळा कडेकडेच बघतो, हा वाइपचा दोष. इथे मला त्याने नेमकं तिथेच बघायला हवं होतं.

असं करत एकतीसचे तीन उरले. दोन सांगितले. तिसरा ती मुलाखतीतली सहावी जागा. सातव्या मिनिटाच्या पुढे आजोबा एक वाक्य अर्धं सोडतात, कुणीतरी दार वाजवतं, ते उठून जातात, परत येऊन वाक्य तिथूनच उचलतात. पण बसताना खुर्ची थोडी फिरली आणि कॉलरचा माइक उलटा झाला. मोठं करून पाहिलं, माइक जास्तच दिसायला लागला. हातांचा शॉट टाकायचा तर त्या वाक्यावर टाकवत नाही. ते बोलताना त्यांचा चेहरा जे करतो ते झाकणं म्हणजे ती ओळच फुकट घालवणं. उघडा ठेवावा तर बघणाऱ्याचं लक्ष माइककडे जातं आणि वाक्य निसटतं. शेवटी सहा फ्रेमचा डिझॉल्व्ह टाकला. तो घाबरूनच टाकलेला आहे.

सरांनी नवी प्रत पाहिली तेव्हा तिथे त्यांच्या पेन्सिलीने एक रेघ ओढली. मी म्हटलं, "तो माहितीये मला." ते म्हणाले, "मग राहू दे." दारात उभ्या असलेल्या माणसाचा एक शॉट त्या दिवशी घेऊन ठेवला असता तर तो डिझॉल्व्ह लागला नसता. कॅमेरा चालूच होता, मान वळवायची होती फक्त.